पीएनआर कन्फर्म दाखवतोय, पण तिकिटावर नाव कुणाचं?

प्रश्न: आम्ही डिचोलीचे, नोकरीला मुंबईत. चवथीला घरी आलोय, परतीचं कोकणकन्येचं तिकीट वेटिंगवरच अडकलंय. टेलिग्रामवर एकजण मडगाव ते सीएसएमटी थर्ड एसीची चार कन्फर्म तिकिटं देतोय, प्रत्येकी २४०० रुपये. त्याने पीएनआर दिला, चेक केला तर खरंच कन्फर्म दाखवतोय. अर्धे पैसे आज मागतोय, उरलेले गाडीत बसल्यावर. नाव बदलून देतो म्हणतो. घेऊ का? खरं-खोटं कसं ओळखायचं?

उत्तर:

पैसे पाठवू नका, हे आधी. पाठवले असतील तर खाली १९३० बद्दल लिहिलंय तिथे आधी जा, बाकीचं नंतर निवांत वाचा.

मी म्हापशात रेल्वेचा अधिकृत तिकीट एजंट म्हणून सतरा वर्षं बसतोय आणि दर चवथीनंतरच्या आठवड्यात माझ्या दुकानात असा एकतरी माणूस येतो, हातात मोबाईल, मोबाईलवर पीडीएफ, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "पीएनआर चेक केलाय हो, कन्फर्म आहे." तिकीट बहुतेक वेळा खोटं नसतंच हो. तिकीट खरं असतं. फक्त ते दुसऱ्या कुणाचं तरी असतं, आणि रेल्वेत तिकीट खरं असून काही उपयोग नाही, ते तुमच्या नावाचं असायला लागतं.

पीएनआरचं स्टेटस उघडलं की काय दिसतं ते नीट आठवून बघा. गाडीचा नंबर, तारीख, कुठून कुठे, क्लास, आणि खाली प्रवासी १, प्रवासी २ असं करत पुढे CNF, डबा आणि बर्थ नंबर. नाव कुठेच नाही. १३९ वर विचारलं तरी तेच कळतं. म्हणजे त्या दहा आकड्यांवरून तुम्हाला एवढंच समजतं की त्या गाडीत त्या तारखेला चार बर्थ कुणीतरी बुक केलेत. कुणी, ते नाही. विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं म्हणूनच तो स्वतःहून पीएनआर देतो, "चेक करून घ्या" म्हणतो, आणि तो चेक पास झाला की आपण निम्मे गार.

आता नावाचं. रेल्वेचं आरक्षित तिकीट दुसऱ्याला देता येत नाही, हे १९८९ च्या रेल्वे कायद्यातच आहे. सूट एकच आणि तीही छोटी: गाडी सुटायच्या किमान २४ तास आधी स्टेशनवरच्या मुख्य आरक्षण पर्यवेक्षकाकडे लेखी अर्ज करून आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको यांच्यापैकी कुणाच्या तरी नावावर करून घेता येतं, आणि तेही एकदाच. अर्ज ज्याच्या नावावर तिकीट आहे त्याने करायचा, त्याचं ओळखपत्र लागतं, नात्याचा पुरावा लागतो, रेशनकार्ड वगैरे. (सरकारी कर्मचारी, लग्नाचं वऱ्हाड, कॉलेजची ट्रिप यांना वेगळे नियम आहेत, तुमचा त्याच्याशी संबंध नाही.) ॲपमध्ये बसल्या बसल्या नाव बदलायचं बटणच नाही. त्यामुळे टेलिग्रामवरचा माणूस "नाव बदलून देतो" म्हणाला की दोनच गोष्टी संभवतात, एकतर तो पीडीएफवरचं नाव बदलून देणार, नाहीतर काहीच देणार नाही.

पीडीएफवरचं नाव बदलणं म्हणजे काय ते गेल्या वर्षी माझ्या समोरच घडलं, ते सांगतो.

थिवीच्या बाजूचा ओळखीतला पोरगा, लग्न होऊन वर्ष झालेलं, दोघांना रविवारी संध्याकाळच्या कोकणकन्येने जायचं होतं. गुरुवारी रात्री दुकान बंद करायच्या वेळी आला. दोन तिकिटं प्रत्येकी २२०० ला ठरवलेली, एकूण ४४००, त्यातले २२०० यूपीआयने दुपारीच दिलेले. व्हॉट्सॲपवर पीडीएफ आलेली, त्यात दोघांची नावं अगदी बरोबर, वयं बरोबर, डबा-बर्थ बरोबर, आणि पीएनआर टाकला तर स्टेटसमध्येही तोच डबा तेच बर्थ. तो मला विचारायला आलाच नव्हता खरंतर, रंगीत प्रिंट काढायला आला होता.

मला खटकलं ते नावांच्या ओळीत. बाकीच्या अक्षरांपेक्षा त्या दोन नावांची अक्षरं केसभर जाड होती आणि रेघेवर नीट बसत नव्हती. आता हे प्रत्येकाच्या डोळ्याला दिसेलच असं नाही, आणि चांगल्या हाताने बदललेलं असेल तर मलाही दिसणार नाही. म्हणून त्या पीडीएफवरचा चौकोनी क्यूआर मी माझ्या फोनच्या साध्या स्कॅनरने स्कॅन केला. त्यातून मजकूर आला, त्यात पीएनआर तोच, गाडी तीच, पण प्रवाशांची नावं भलतीच, एकाचं वय ५७ आणि एकीचं ५४. वरचं नाव बदलायला दोन मिनिटं लागतात, पण क्यूआरच्या आतलं बदलायचं बहुतेक जण विसरतात किंवा त्यांना जमत नाही. पोरगा माझ्याकडे बघतच राहिला.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता त्याला फोन लाव. लावला, तर समोरचा अगदी गोड, "साहेब तो जुना क्यूआर आहे, चार्ट लागला की अपडेट होतो." असं काही नसतं. चार्ट लागला की फक्त कोणता बर्थ कुणाला हे पक्कं होतं, नाव आपोआप बदलत नाही.

शुक्रवारी सकाळी पुन्हा पीएनआर टाकला, तर दोन्ही प्रवाशांसमोर CAN, म्हणजे कॅन्सल. इथे हा धंदा कसा चालतो ते कळतं. तिकीट ज्या लॉगिनवरून काढलंय त्याच लॉगिनवरून ते रद्द होतं आणि परतावाही ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात जातो. गाडीला अजून दोन दिवसांहून जास्त वेळ होता, त्यामुळे त्याची थोडीशीच रक्कम कापली गेली असणार, बाकी सगळी परत. वर आमच्या पोराचे २२०० त्याच्या खिशात. आणि तोच पीएनआर त्याने त्या दिवसांत आणखी किती जणांना दाखवला असेल ते देव जाणे. "उरलेले गाडीत बसल्यावर द्या" हे ऐकायला विश्वासाचं वाटतं ना, पण त्याला उरलेल्या अर्ध्याची गरजच नसते. पहिला अर्धा हाच त्याचा पूर्ण धंदा.

समजा त्याने कॅन्सल केलं नसतं तर? तर ही दोघं थिवीला गाडीत चढली असती, बर्थवर बसली असती आणि टीसी त्याचं हातातलं मशीन घेऊन आला असता, त्यात ५७ आणि ५४ वयाची नावं. ओळखपत्र ओरिजिनल मागतात. नाव जुळलं नाही की कायद्याच्या हिशोबाने तुम्ही विनातिकीट. पूर्ण भाडं, वर तेवढाच दंड (कमीत कमी २५० रुपये), आणि विकत घेतलेलं तिकीट जप्त. चवथीच्या गर्दीत रात्री रत्नागिरीच्या आसपास कुठेतरी बर्थ सोडून सामान घेऊन उभं राहायचं ते वेगळंच. दलालाला कलम १४३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, पण गाडीत त्यावेळी दलाल नसतो, तुम्ही असता.

काहीजण म्हणतील आम्ही तर असे गेलोय, काही झालं नाही. झालं नसेल. एका पीएनआरवरच्या प्रवाशांपैकी एकाचं ओरिजिनल ओळखपत्र दाखवलं तरी चालतं, आणि त्याचाच फायदा घेऊन दलाल चार-सहा जणांच्या पीएनआरमध्ये मूळ माणूस एक ठेवतात आणि बाकीचे बर्थ अनोळखी लोकांना विकतात, "टीसीला मी सांभाळतो, तुम्ही माझे मेहुणे" वगैरे. टीसीने नावं आणि वयं तोंडी विचारली की पाचही मेहुणे गप्प. तुमच्यात लहान मुलं असतील तर वयाचा घोळ आणखी लवकर उघडा पडतो.

आता तुमच्या माणसाला तपासायचंच असेल, पैसे न देता, तर हे करून बघा. त्याला सांगा की पीडीएफ पाठव, स्क्रीनशॉट नको, आणि त्यातला क्यूआर झाकू नको. बहुतेक जण इथेच "पैसे आल्याशिवाय पूर्ण तिकीट दाखवत नाही" म्हणतात. पाठवलीच तर क्यूआर दुसऱ्या फोनने स्कॅन करा आणि आतली नावं वाचा. नावं तुमची नसतील तर विषय तिथेच संपला, मग तो कितीही चांगला माणूस असो. आणि नावं तुमचीच निघाली तर? ते शक्य आहे का याचा जरा विचार करा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तुम्ही त्याला काल भेटलात. दोन महिन्यांपूर्वी त्याला तुमच्या बायकोचं नाव कुठून माहीत असणार? तुमच्या नावावर कन्फर्म तिकीट आत्ता काढायचं तर एकतर तत्काळमध्ये, नाहीतर आत्ताच कुणाच्या रद्द झालेल्या जागेवर, आणि वेटिंग लागलेल्या गाडीत रद्द झालेली जागा आधी वेटिंगवाल्यांना जाते. "मी कॅन्सल करतो, त्याच क्षणी तुम्ही बुक करा" ही आयडियाही त्यामुळेच चालत नाही, त्याची जागा तुम्हाला न मिळता रांगेतल्या पहिल्याला मिळते.

मग अधिकृत एजंट आणि हा टेलिग्रामवाला यात फरक काय, असं लोक मला तोंडावर विचारतात, राग येत नाही. आमच्याकडे तुम्ही आधी नाव-वय देता, मग तिकीट निघतं, तयार तिकीट आमच्या खणात पडलेलं नसतं. तिकिटावर एजन्सीचं नाव छापून येतं. सर्विस चार्ज स्लीपरला २० आणि एसीला ४० रुपये, त्यापेक्षा जास्त मागणारा अधिकृत असला तरी चोरच. आणि एक गोष्ट लोकांना माहीत नसते, एजंटकडून काढलेलं तिकीट रद्द करताना ओटीपी प्रवाशाच्या मोबाईलवर येतो, म्हणून एजंटकडे तुमचा स्वतःचाच नंबर द्या, "माझा टाकतो, चालेल" म्हणाला तर चालत नाही म्हणा. टेलिग्रामवाले तिकिटं काढतात ती वैयक्तिक लॉगिनवरून, तिथे तुमच्याकडे कुठलाच ओटीपी येत नाही, त्याला वाटेल तेव्हा तो रद्द करतो.

तत्काळमध्ये मात्र आम्ही तुमच्या कामाचे नाही, खरं सांगतो. एसीचं तत्काळ दहाला उघडतं, स्लीपरचं अकराला, आणि पहिला अर्धा तास एजंटना बंदी असते. चवथीनंतरच्या कोकणकन्येत अर्ध्या तासानंतर काय उरणार. त्यामुळे "माझी सेटिंग आहे, तत्काळ पक्कं" म्हणणाऱ्याकडेही जाऊ नका. स्वतःच्या लॉगिनवरून काढा, आधार आदल्या दिवशीच जोडून ठेवा, कारण आता ऑनलाइन तत्काळला आधारचा ओटीपी लागतो आणि ऐन दहा वाजता तो शोधत बसलात तर गेलं.

मॅच आणि कॉन्सर्टचं तिकीट वेगळ्या जातीचं, तिथला धोकाही उलटा. रेल्वेत नाव बघतात, गेटवर बहुतेक ठिकाणी फक्त कोड स्कॅन होतो. म्हणजे एकच खरा क्यूआर पाच जणांना विकला तर जो आधी पोचला तो आत, बाकी चार गेटवर भांडत. म्हणून तिथे स्क्रीनशॉटची किंमत शून्य. ज्या ॲपवर तिकीट निघालंय त्यात ट्रान्सफरची सोय असेल तर तिकीट आधी तुमच्या नंबरवर, तुमच्या ॲपमध्ये येऊ दे, मग पैसे. सोय नसेल तर त्याला गेटवर बोलवा, तुम्ही स्कॅन होऊन आत गेलात की तिथल्या तिथे पैसे. याला जो तयार नाही त्याच्याकडे बहुधा ते तिकीट नाही किंवा एकच आहे. रिस्टबँडवाल्या फेस्टिव्हलला बँड देताना अनेकदा बुक करणाऱ्याचं ओळखपत्र मागतात, म्हणून तो माणूस स्वतः काउंटरवर सोबत यायला हवा. गोव्यात जुन्या लोकांना २००१ ची फातोर्ड्याची भारत-ऑस्ट्रेलिया मॅच आठवत असेल, बनावट तिकिटांमुळे हातात तिकीट असलेली माणसंच बाहेर राहिली होती, पुढे ते प्रकरण कोर्टात गेलं. तेव्हा तिकीट कागदाचं होतं म्हणून छापावं लागायचं, आता नुसतं फॉरवर्ड केलं की झालं.

पैसे गेलेच असतील तर वेळ घालवू नका. १९३० वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार टाका, यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक, तारीख-वेळ, समोरचा यूपीआय आयडी आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा, चॅट डिलीट करू नका. त्या पोराने शुक्रवारी सकाळी कॅन्सल दिसल्यावर लगेच केला, तोपर्यंत रक्कम दुसऱ्या खात्यात गेली होती, त्या खात्यावर होल्ड लागला पण पैसे हातात यायला महिने गेले. गुरुवारी दुपारीच केला असता तर काय झालं असतं हे तो मला अजून विचारतो. आणि तो दलाल फोन करून "रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हणेल, तर टाकू नका, पैसे घ्यायला पिन लागत नाही कधीच.

आता तुम्ही चौघं जाणार कसे. माझा सल्ला, चौघांनी एकाच पीएनआरचा हट्ट सोडा, दोन-दोन काढा, जागा लवकर सापडते. थिवीहून चढणार असलात तरी तिकीट मडगावहून शोधून बघा आणि बुक करतानाच बोर्डिंग थिवी टाका, कारण मधल्या स्टेशनच्या वाट्याला अनेकदा वेगळा छोटा कोटा येतो आणि त्याची वेटिंग हलता हलत नाही, मडगावहून गाडी सुटते म्हणून तिथली हलते. भाड्यात थोडा फरक पडतो. चवथीच्या स्पेशल गाड्या रेल्वे जाहीर करते त्याही बघा, त्यांना वेळ जास्त लागतो म्हणून लोक टाळतात आणि जागा राहते. मांडवीने दिवसा जायला हरकत नसेल तर तीही बघा. आणि चार्ट लागल्यावर करंट बुकिंग नावाचा प्रकार असतो, उरलेले बर्थ त्यात खुले होतात, म्हणून चार्ट लागल्या लागल्या ॲप उघडून बसा. गेल्या वर्षी त्या पोराला आणि त्याच्या बायकोला दुसऱ्या दिवशीच्या मांडवीत दोन बर्थ तसेच मिळाले, स्लीपरमध्ये, वेगवेगळ्या डब्यांत. बायको पनवेलपर्यंत त्याच्याशी बोलली नाही म्हणे.